रिव्ह्यूअरच्या पानभर शेऱ्यांतून दुरुस्त्यांची यादी कशी काढता? अनुभव लिहा

घडीचा_कागद

एका जर्नलचं सहसंपादकपद नुकतंच गळ्यात पडलंय. निर्णयपत्रात रिव्ह्यूअरचा अहवाल नुसता डकवायचा नाही, वर लेखकांसाठी क्रमांक घातलेली 'एवढं करायलाच हवं' अशी यादी द्यायची, असा तिथला शिरस्ता. ऐकायला सोपं वाटतं. आता हा परिच्छेद बघा. विषय आणि आकडे बदललेत, सूर तोच ठेवलाय:

> झोपेचे तास आणि परीक्षेतले गुण हा विषय चांगला निवडला आहे. नमुन्याचे वर्णन मात्र त्रोटक वाटले. प्रश्नावली किती जणांना पाठवली होती? सारांशात २१२ विद्यार्थी म्हटले आहेत, तक्ता २ मधली बेरीज १९८ होते. विद्यार्थी ९ वर्गांतले आहेत, तेव्हा लेखकांना वाटल्यास वर्गाचा परिणाम धरणारे मॉडेल वापरून पाहता येईल. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी केली असती तर बहार आली असती. पुढील चार लेखही जरूर वाचावेत.

यातून तुम्ही किती मुद्दे काढाल, आणि कोणते? ज्यांनी हे काम केलंय किंवा अशी यादी ज्यांच्या हातात पडलीय, त्यांनी लिहा.

चष्मा_कपाळावर

मी क्रियापदं बघतो. 'करावे', 'जरूर', 'आवश्यक' दिसलं की यादीत, 'वाटल्यास', 'बरे होईल' दिसलं की ऐच्छिक. दोन रंगांचे हायलायटर घेऊन बसलं की काम झटक्यात होतं. तुमच्या परिच्छेदात मॉडेलचा मुद्दा ऐच्छिक आणि चार लेख सक्तीचे.

तळटीप

हायलायटर पहिल्या वाचनाला ठीक आहेत, पण इथे तुमचा निकाल नेमका उलटा लागलाय. काही रिव्ह्यूअर पेपर बुडवणारी गोष्टसुद्धा 'वाटल्यास' म्हणून सांगतात, आणि काही जण स्वल्पविरामासाठी 'अत्यावश्यक' लिहितात. मी शब्द बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारते: लेखकांनी हे केलं नाही तर त्यांचा निष्कर्ष उभा राहतो का?

एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. शिक्षक तेच, वेळापत्रक तेच, पेपर तपासणारेही बहुधा तेच. प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्र धरून गणित केलं की अनिश्चितता आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि नसलेला संबंध 'सापडतो'. म्हणजे 'वाटल्यास' म्हटलेल्या मुद्द्यावरच सगळा पेपर टेकलाय. मी यादी अशी केली असती:

१. प्रश्नावली किती जणांना पाठवली, किती परत आल्या, किती वगळल्या आणि का, हे पद्धतीच्या विभागात लिहा.

२. सारांशातले २१२ आणि तक्ता २ मधले १९८ यांतला फरक कुठून आला ते सांगा. विश्लेषणात प्रत्यक्ष किती जण होते तो आकडा सगळीकडे एकच ठेवा.

३. एका वर्गातले विद्यार्थी एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, हे विश्लेषणात धरा. निष्कर्ष बदलला तर चर्चेचा विभागही बदला.

ऐच्छिक: एकाच वेळच्या मोजणीच्या मर्यादेबद्दल एखादं वाक्य.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी हा वेगळा अभ्यास झाला, तो या पेपरकडून मागता येत नाही. यादीत तसं स्पष्ट लिहायचं, नाहीतर लेखक घाबरून पेपरच मागे घेतात. कौतुकाच्या वाक्याला क्रमांक नको, ते वरच्या पत्रात जाऊ द्या.

आणखी एक, प्रत्येक मुद्द्यापुढे अहवालातला मूळ परिच्छेद क्रमांक टाका. अहवालाला हात लावू नका, तो पूर्ण खाली जोडा. काटछाट यादीत करायची, रिव्ह्यूअरच्या शब्दांत नाही.

पहिलाच_पेपर

मला कालच मेजर रिव्हिजन आलंय. उत्तरात प्रत्येक शेऱ्याला आभार मानायचे का? आणि मुदत वाढवून मिळते का?

चष्मा_कपाळावर

हा धागा यादी बनवणाऱ्यांचा आहे हो. आभार एकदाच माना, मुदतीसाठी संपादकांना आजच मेल टाका, शेवटच्या दिवशी नको.

ओलं_टिपण

लेखकाच्या बाजूने सांगतो. अगदी अशीच भानगड आमच्या पेपरमध्ये होती. संपादकांच्या यादीत फक्त एवढंच: 'सारांश व तक्त्यातील आकडे जुळवावेत.' आम्ही सारांशातला आकडा बदलला आणि 'दुरुस्ती केली' असं उत्तर धाडलं. दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअर भडकले. त्यांना आकडा जुळवून नको होता, मधली माणसं गेली कुठे ते हवं होतं! ज्यांचे गुण मिळाले नाहीत ते गळाले होते, आणि ते बहुतेक परीक्षेलाच न बसलेले. झोप आणि गुणांच्या अभ्यासात अशी मुलं गळणं ही साधी गोष्ट नाही. यादीत कारणाचं अर्धं वाक्य असतं तर एक फेरी वाचली असती.

सरासरीचा_भाऊ

तळटीप ताईंचा तिसरा मुद्दा पटला. त्यात मॉडेलचं नाव नाही हे विशेष आवडलं. संपादक उत्साहाच्या भरात 'क्लस्टर-रोबस्ट स्टँडर्ड एरर वापरा' असं लिहून टाकतात. वर्ग ९ च असतील तर ती साधी दुरुस्ती अपुरी पडते, अनिश्चितता कमीच दिसत राहते. मिश्र मॉडेल घ्या किंवा कमी गटांसाठीच्या सुधारणा वापरा, पण ती निवड लेखकांनी करून तिचं कारण द्यावं. यादीत अडचण लिहावी, उपाय लादू नये. उपाय लिहिला की लेखक डोळे मिटून तेवढाच करतात.

चष्मा_कपाळावर

मान्य, पण प्रत्येक संपादकाला एवढं सांख्यिकी येत नाही. मग 'निष्कर्ष उभा राहतो का' हे ठरवायचं कुणी?

सरासरीचा_भाऊ

येत नसेल तर सांख्यिकीच्या माणसाला तो एक परिच्छेद दाखवायचा, अख्खा पेपर नव्हे. गुप्ततेच्या नियमात बसवून, अर्थात.

घडीचा_कागद

आणि ते चार लेख? चारांपैकी तीन एकाच गटाचे आहेत. रिव्ह्यूअर कोण हे मला ठाऊक आहे, लेखकांना नाही.

तळटीप

मी सक्तीच्या यादीत घेत नाही. लेख काढून वाचते. खरंच संबंध असेल तर 'अमुक दाव्याला आधार किंवा विरोध म्हणून या लेखाचा विचार करा' असा एका लेखापुरता मुद्दा करते. बाकीच्यांबद्दल पत्रात लिहिते की उल्लेख केला नाही तरी निर्णयावर परिणाम होणार नाही. हे वाक्य नसेल तर लेखक चारही लेख निमूटपणे संदर्भसूचीत कोंबतात.

ओलं_टिपण

पण मग रिव्ह्यूअर दुसऱ्या फेरीत 'माझा मुद्दा डावलला' म्हणून अडून बसतात त्याचं काय? आमच्या वेळी तेही झालं.

तळटीप

दुसऱ्या फेरीला मी ही यादीसुद्धा रिव्ह्यूअरकडे पाठवते. कुठला मुद्दा सक्तीचा धरला, कुठला नाही, ते त्यांना आधीच दिसतं.

सरासरीचा_भाऊ

इथे माझं जमत नाही. यादी दाखवली की रिव्ह्यूअर तेवढ्याच मुद्द्यांवर टिकमार्क करतात, आणि नव्या विश्लेषणात नवी चूक शिरली असेल तर ती सुटते. मी फक्त लेखकांचं उत्तर आणि नवा मसुदा पाठवतो.

घडीचा_कागद

दोन्ही पटतंय, हीच पंचाईत. तूर्त तळटीप ताईंचे तीन मुद्दे घेतले, पहिल्या दोहोंना कारणाचं वाक्य जोडलं, चार लेखांपैकी एकच ठेवला. आता दुसऱ्या रिव्ह्यूअरचा अहवाल उघडलाय. त्यात लिहिलंय, 'विश्लेषण उगाच गुंतागुंतीचे आहे, साधे करावे.' तिसऱ्या मुद्द्याच्या अगदी विरुद्ध! असे दोघे आमनेसामने आले की कुणी काय करतं?