उभ्या स्प्रिंगला वजन टांगलं की समीकरणातलं mg कुठं जातं? बारावीच्या मुलांना कसं सांगावं, सल्ला हवा

अंबाजोगाईकर
नमस्कार. बारावीच्या फिजिक्सची शिकवणी घेतो. आडव्या स्प्रिंगवरून उभ्या स्प्रिंगवर आलो की मुलं अडतात. y नैसर्गिक लांबीपासून खाली मोजून ma = mg − ky लिहितो, मग y = y₀ + x घालतो आणि mg नाहीसं होतं. आकडेमोड पटते, पण काल एक मुलगी म्हणाली, "सर, वजन तर अजून लटकलेलंच आहे, मग त्याचं ओझं गेलं कुठं?" तिला पटेल अशी मांडणी सुचवा. हाताशी स्प्रिंग, वजनं, मोजपट्टी आणि मोबाईलचं स्टॉपवॉच आहे.

परभणी_सायन्स
सरळ सांगा की स्प्रिंगची ओढ आणि वजन एकमेकांना खोडतात. mg सोडून द्यायचं आणि आडव्या स्प्रिंगसारखंच सोडवायचं. परीक्षेला तेवढं पुरतं.

मांजराकाठ
सोडून द्या म्हणू नका, त्यानंच घोटाळा होतो. ती दोन बलं एकमेकांना पूर्ण खोडतात ती फक्त मधल्या जागी. आकडे घेऊन दाखवा.

वजन 200 ग्रॅम, k = 20 न्यूटन प्रति मीटर. mg झालं 1.96 न्यूटन, म्हणून हात लावून अलगद खाली सोडलं तर वजन 9.8 सेंमीवर स्थिर राहतं. आता ते तिथून 3 सेंमी खाली ओढा. एकूण ताण 12.8 सेंमी, स्प्रिंग 2.56 न्यूटननं वर ओढते, वजन 1.96 नं खाली. उरले 0.60, वर. मग मधल्या जागेच्या 3 सेंमी वर न्या. ताण 6.8 सेंमी, स्प्रिंगची ओढ 1.36, उरले 0.60, खाली. दोन्हीकडे उरलेलं बल 20 × 0.03 इतकंच येतं. mg कुठंच गेलेलं नाही. स्प्रिंगच्या ओढीतले 1.96 न्यूटन ते प्रत्येक क्षणी अडवून बसलंय, आणि आपण फक्त त्याच्यावरचं-खालचं मोजतोय.

हे जमतं कारण बल आणि ताण यांचा आलेख सरळ रेषा आहे. mg ती रेषा उचलून बाजूला ठेवतं, तिचा उतार बदलत नाही. उतार तोच म्हणून दोलनकालही तोच.

जालना_जिनिंग
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्याकडं गावात कापूस लटकत्या स्प्रिंगकाट्यावर मोजतात. गाठोडं अडकवून हात एकदम सोडला की काटा खऱ्या वजनाच्या लै पुढं जातो, मग मागं येतो. काटा बिघडलाय का?

मांजराकाठ
बिघडलेला नाही, आणि दादा, तुमचा प्रश्न याच धाग्यातला आहे. वरच्याच स्प्रिंगला वजन अडकवून नैसर्गिक लांबीवर धरा आणि एकदम सोडा. मधल्या जागेपासून ते 9.8 सेंमी वर आहे, म्हणून तेवढंच खाली जाईल. तळाशी ताण 19.6 सेंमी, ओढ 3.92 न्यूटन, म्हणजे वजनाच्या दुप्पट. तुमच्या काट्यात घर्षण असतं म्हणून पुरतं दुप्पट दिसणार नाही. काटा थांबेपर्यंत आकडा धरू नका.

परभणीकरांनीही हे बघावं. mg खरंच सोडून दिलं असतं, तर नैसर्गिक लांबीवर सोडलेलं वजन जागचं हललंच नसतं.

नांदेडची_अकरावी
सर, आमच्या नोट्समध्ये T = 2π√(y₀/g) असं पण आहे. मग g परत आलाच की!

मांजराकाठ
छान पकडलंस, बेटा. पण y₀ म्हणजेच mg/k. चंद्रावर g साधारण सहावा हिस्सा, तर ताणही सहावा हिस्सा, भागाकार तोच. दोलनकाल इथं आणि तिथं 0.63 सेकंदच.

अंबाजोगाईकर, मुलांकडून हेच करून घ्या. आधी फक्त मोजपट्टीनं y₀ मोजून 20 दोलनांचा वेळ सांगायला लावा. इथं 12.6 सेकंद येईल. मग घड्याळ लावा. थोडा जास्त भरला तर स्प्रिंगचं स्वतःचं वजन आडवं येतंय. त्याचा साधारण तिसरा हिस्सा m मध्ये मिळवायचा. 30 ग्रॅमची स्प्रिंग असेल तर 12.9 सेकंदांच्या आसपास जाईल. आणि ओढताना 9.8 सेंमीच्या बरंच आत राहा. वर जाताना वेढे एकमेकांना टेकले की रेषा मोडते आणि सगळा हिशोब फसतो.

परभणी_सायन्स
नैसर्गिक लांबीचा मुद्दा मान्य. तरी मी ऊर्जेनंच सुरुवात करीन. ½kx² मध्ये mgh मिळवलं की झालं.

मांजराकाठ
x मधल्या जागेपासून मोजताय ना? मग mgh त्यात आधीच आलंय, परत मिळवलं तर दोनदा धराल. नैसर्गिक लांबीपासून मोजणार असाल तर ½ky² − mgy लिहा. दोन्हींत फरक फक्त एका स्थिर संख्येचा.

अंबाजोगाईकर
उद्या 3 सेंमीचे आकडेच फळ्यावर घेतो. ऊर्जा आधी की बल आधी हे अजून ठरत नाही. आणखी एक: स्प्रिंगऐवजी सायकलच्या ट्यूबची पट्टी टांगली तर?

मांजराकाठ
जागा सरकवली की स्थिर पद तिथंही जातं. पण रबराची रेषा वाकडी, म्हणून वजनागणिक उतार बदलतो, आणि तिथं g दोलनकालात खरोखर शिरतो. पट्टीवर 50, 100, 200 ग्रॅम लावून बघा आणि आकडे इथं टाका. मी ट्यूबवर कधी केलेलं नाही.