अनुभव धागा : आधी चौकट, मग मोजमाप. तुमची चौकट कुठे फसली?

तापीकाठ :
मंडळी, केळीच्या कटाईसाठी एक छोटं अ‍ॅप करून दिलं होतं. व्यापारी नकाशावर एक ठिकाण दाबतो आणि त्याच्या 10 किमीच्या आतले नोंदवलेले बाग दिसतात. सुरुवातीला प्रत्येक बागेचं अंतर हॅव्हरसाइनने, म्हणजे गोल पृथ्वीवरचं अंतर काढायच्या सूत्राने, काढत होतो. नोंदी चाळीस हजारांवर गेल्या तसा फोन नुसता गरगर फिरत बसायला लागला. मग आधी कमाल-किमान अक्षांश-रेखांशाची चौकट लावली आणि तिच्यात सापडलेल्यांचंच अंतर मोजायला लागलो. वेग एकदम सुधारला, मी खूश.

पंधरा दिवसांनी नशिराबादच्या बाजूच्या एका शेतकरीदादांचा फोन. "आमचा बाग जळगावपासून साडेनऊ-पावणेदहा किलोमीटर, तरी दिसत नाही. उत्तरेकडचे लोक आमच्यापेक्षा लांब, त्यांचे मात्र दिसतात." मला वाटलं, नोंद चुकली असेल. नोंद बरोबर होती.

चूक अशी. एक अंश म्हणजे 111 किमी हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून 10 भागिले 111, म्हणजे 0.0901 अंश चारही दिशांना धरले. उत्तर-दक्षिण ते चालतं. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. आपल्याकडे, 21 अंशावर, रेखांशाचा एक अंश जेमतेम 103.8 किमीचा. म्हणजे पूर्वेला नि पश्चिमेला माझी चौकट 9.35 किमीवरच संपत होती. केंद्र 21.01, 75.56 होतं, चौकटीची पूर्वेची कड 75.6501 आणि दादांचा बाग 75.6535 वर. खरं अंतर 9.7 किमी, पण हॅव्हरसाइनपर्यंत तो बाग पोचलाच नाही.

तुमचेही असे किस्से असतील तर लिहा.

भरीत-भाकरी :
मन्हं बी तसंच व्हयनं, भाऊ. फक्त माझ्याकडे शून्य बाग दिसायचे. GeoJSON मध्ये आधी रेखांश येतो हे माहीत नव्हतं, मी उलटं वाचत होतो. सगळे बाग अक्षांश 75, रेखांश 21 वर, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात! पण शून्य आलं म्हणून लगेच कळलं. तुमच्यासारखे कडेचे चार-दोन गळाले असते तर वर्षभर कळलं नसतं.

सातपुड्याचा_वारा :
एवढा घोळ कशाला घालता? हॅव्हरसाइन काढूनच टाका. चौकटीत आलं ते जवळ, नाही आलं ते लांब. वर्तुळ आणि चौकोनात असा किती फरक पडणार? कोपऱ्यात थोडे जास्त येतात, येऊ द्या. गावाच्या नकाशावर मी तसंच चालवतो आणि कुणाची तक्रार नाही.

मोजणीदार :
वारासाहेब, नुसतं "आसपास काय आहे" दाखवायचं असेल तर तुमचं बरोबर आहे. पण चौकटीचा कोपरा 10 वर नाही, 14.1 किमीवर असतो. बाग सगळीकडे सारखे पसरलेले धरले तर चौकटीत आलेल्या शंभरांपैकी एकवीस वर्तुळाबाहेरचे निघतात. भाडं किलोमीटरवर ठरत असेल तर भांडण ठरलेलं.

तापीकाठ, तुमची चूक कोणत्या बाजूची होती ते लक्षात ठेवा. चौकटीत जास्तीचे आले तर पुढचं मोजमाप त्यांना हाकलतं. चौकटीबाहेर राहिलेल्याला मात्र परत कुणीच आत घेत नाही. म्हणून चौकट मोठी झाली तर चालेल, लहान नको. SQLite डेटाबेसचं चौकटी साठवणारं R*Tree इंडेक्स सुद्धा आकडे 32 बिटांत साठवताना किमान बाजू खाली आणि कमाल बाजू वर ढकलतं, ते याचसाठी.

आणखी एक बारीक खोच. 111 हा आकडासुद्धा सुरक्षित आहेच असं नाही. पुढचं मोजमाप गोल पृथ्वी, त्रिज्या 6371, असं असेल तर अंश 111.19 किमीचा, मग 111 ने भागणं ठीक. पण PostGIS च्या geography सारखं लंबगोलावर मोजत असाल तर आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण अंश साधारण 110.7 चा भरतो. तिथे 111 ने भागलं की चौकट उत्तरेला पंचवीसेक मीटर आखूड पडते. मी 110.5 धरतो, दोन्हीकडे निभावतं.

```python
dlat = r / 110.5
dlon = dlat / math.cos(math.radians(lat))
```

तुमच्या केंद्रासाठी, कडा बाहेरच्या बाजूला पूर्णांकित करून :

```sql
WHERE lat BETWEEN 20.9195 AND 21.1005
  AND lon BETWEEN 75.4630 AND 75.6570
```

आता 75.6535 आत येतो. तपासायचं असेल तर दहा-वीस केंद्रं घ्या, चौकटीशिवाय सगळे मोजा, चौकटीसह मोजा आणि दोन्ही याद्यांची वजाबाकी करा. एकही नाव उरता कामा नये. केंद्रं निवडताना पूर्व-पश्चिम कडेला बाग असतील अशी निवडा, नाहीतर तपासणी खोटी पास होते.

शेतकरी_ताई_यावल :
माझा प्रश्न इथे बसतो का माहीत नाही. मोबाईलवर बागेचा बिंदू घेतला तर तो शेजाऱ्याच्या गटात दिसतो. सातबाऱ्यावरचं क्षेत्र बरोबर आहे. ही चौकट मोठी केली तर सुटेल का?

मोजणीदार :
नाही ताई, हा वेगळा त्रास आहे. चौकट मोठी केली तर दोन्ही गट उमेदवार म्हणून येतील, पण शेवटी बिंदू ज्याच्या हद्दीत पडलाय त्याचंच नाव निघेल. बांधापासून आत, बागेच्या मध्यावर उभं राहून बिंदू घ्या, झाडीखाली दोन-तीनदा घेऊन बघा. हद्दीचा नकाशाच सरकलेला असेल तर मात्र फोनने काही होणार नाही.

चोपडा_लाईन :
माझं दुखणं उलटं. चौकट बरोबर, पण तिने काही गाळलंच नाही. जळगाव-चोपडा रस्त्यापासून अर्ध्या किमीतले बाग हवे होते. रस्ता तिरपा जातो, त्यामुळे त्याची एकच चौकट साडेसातशेहून जास्त चौरस किमीची झाली. रस्ता सरळ धरला तर कामाची पट्टी फक्त 38 चौरस किमी. शंभर उमेदवारांतले पाच कामाचे, बाकी सगळ्यांसाठी रेषेपासूनचं अंतर उगाच मोजत बसलो.

शेवटी रस्त्याचे दहा तुकडे केले आणि प्रत्येकाला अर्धा किमी वाढवून वेगळी चौकट दिली. बेरीज साधारण 140 चौरस किमीवर आली. तुकड्यांच्या सांध्यावरचे बाग दोनदा यायचे, ते आयडीवरून एकदाच ठेवले. वीस तुकडे करून बघितले, तेव्हा चौकटी आणखी आवळल्या, पण चौकशाच इतक्या वाढल्या की वेळ तेवढाच लागला.

तापीकाठ :
110.5 लावलं, वजाबाकी शून्य आली. दादांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, आता कटाई होऊन गेली.

एक अडतंय अजून. lat आणि lon वर मिळून एक इंडेक्स केलाय, तरी डेटाबेस अक्षांशाचा अख्खा पट्टा, पार धुळ्यापर्यंत, वाचतो असं दिसतंय.

मोजणीदार :
साध्या इंडेक्सचं तसंच आहे. पहिल्या स्तंभावर पट्टा मागितला की दुसरा स्तंभ फक्त आलेल्यांना चाळायला उरतो, शोध आवळायला नाही. R-tree दोन्ही दिशा एकदम धरतं. पण चाळीस हजार नोंदींसाठी ते बसवावं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही.

भरीत-भाकरी :
मी नाही बसवलं. पट्टा वाचू दे, चाललंय.