स्मूदनिंग की पर्म: चेहऱ्याला काय शोभेल आणि केसांना किती झेपेल?

रंकाळाकाठ: माझा चेहरा लांबट आहे, कपाळ मोठे आहे आणि खांद्याखाली येणारे केस नागमोडी असून पातळ आहेत. गेली दोन वर्षे मी पाकिटातली काळी मेंदी लावते. दिवाळीनंतर भावाचे लग्न आहे. घरातल्या सगळ्या जणी स्मूदनिंग कर म्हणतात, तर मैत्रीण पर्मचा आग्रह धरते. चेहऱ्याला कोणते शोभेल आणि केसांचे नुकसान किती होईल, हे कृपया सांगावे.

मंगळवारपेठकर: निःसंकोच स्मूदनिंग करा. सरळ केस कोणत्याही चेहऱ्याला नीटनेटके दिसतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात केस पिंजारण्याचा जो त्रास असतो, तोही संपतो. नुकसानीचा बाऊ फार केला जातो. भीती वाटत असेल तर केराटिन करून घ्या. केराटिन हे केसांचेच प्रथिन असल्यामुळे त्याने केस बिघडण्याऐवजी सुधारतातच. मी स्वतः नियमित करून घेते आणि माझे केस आजही मऊ आहेत.

राजारामपुरी_पार्लर: मी बरीच वर्षे हेच काम करते, तरी वरील मताशी मी सहमत नाही.

आधी चेहऱ्याचे पाहू. सरळ केलेले केस मुळापाशी टाळूला चिकटून बसतात आणि दोन्ही गालांच्या बाजूने उभ्या रेषेत खाली येतात. गोल किंवा रुंद चेहऱ्याला ही उभी रेषा उपयोगी पडते, कारण त्यामुळे गालांची रुंदी थोडी झाकली जाते. लांबट चेहरा मात्र त्याच रेषेमुळे आणखी लांब दिसतो. त्यातच केस पातळ असतील तर भांग रुंद दिसू लागतो आणि मोठे कपाळ आधी नजरेत भरते. आपल्या केसांचा नागमोडीपणा कानांपासून हनुवटीपर्यंत जी रुंदी देतो, तीच आपल्या चेहऱ्याला हवी आहे, आणि स्मूदनिंग नेमकी तीच काढून घेते. निर्णयाआधी केस धुऊन ब्लो-ड्रायरने पूर्ण सरळ करून घ्या, लग्नात घालणार त्या साडीचा रंग अंगावर घ्या आणि चार-पाच हातांवरून दुसऱ्या कुणाला तरी समोरून फोटो काढायला सांगा. स्वतःच्या हाताने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि चेहरा अरुंद दिसतो, म्हणून त्यावरून ठरवू नका.

आता केराटिनविषयी. पार्लरमध्ये स्मूदनिंग म्हणून जे होते, ते बहुतेक वेळा थायोग्लायकोलेटच्या क्रीमनेच होते. ही क्रीम केसांच्या आतले गंधकाचे बंध तोडते, नंतर केस धुऊन, वाळवून पातळ बटांवर तापलेली इस्त्री फिरवतात आणि शेवटी न्यूट्रलायझरने ते बंध सरळ आकारात पुन्हा बांधतात. पर्मचे रसायनही हेच. फरक एवढाच की तिथे केस इस्त्रीऐवजी रॉडवर गुंडाळलेले असतात. तुटलेले सगळेच बंध परत जुळत नाहीत, म्हणून केस प्रत्येक वेळी थोडा दुबळा होतो. केराटिन नावाच्या उपचारात हे बंध तुटत नाहीत हे खरे, पण केस सरळ धरून ठेवण्याचे काम प्रथिन करत नसून फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लायऑक्झिलिक आम्लासारखे रसायन करते. इस्त्री फिरताना डोळे चुरचुरले आणि घसा खवखवला, तर ते त्या वाफेमुळे असते.

विज्ञानशिक्षक_शाहूपुरी: बाटलीवर 'फॉर्माल्डिहाइडमुक्त' लिहिले आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये, कारण ग्लायऑक्झिलिक आम्ल इस्त्रीच्या उष्णतेत फॉर्माल्डिहाइड सोडू शकते. शिवाय फ्रान्समधील डॉक्टरांनी 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीची नोंद मांडली, जिला केस सरळ करून घेतल्यावर तीन वेगवेगळ्या वेळी मूत्रपिंडाची तीव्र इजा झाली होती. तिच्या क्रीममध्ये हेच आम्ल होते. हा धोका किती जणींना आहे ते त्यावरून ठरत नाही. तरीही मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हा प्रकार टाळलेला बरा. टाळूला जळजळ होऊ लागली तर सहन करत बसू नये, क्रीम लगेच धुऊन काढायला सांगावे.

कसबा_बावड्याची_आई: माझे बाळ चार महिन्यांचे आहे आणि विंचरताना पुंजकेच्या पुंजके हातात येतात. पर्म केले तर केस दाट होतील, असे मला एकीने सांगितले. मग मीही करू का?

राजारामपुरी_पार्लर: ताई, पर्मने केस दाट दिसतात, पण संख्येने एकही वाढत नाही. गळालेला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला पांढरट गाठ दिसली तर तो मुळापासून सुटलेला आहे. बाळंतपणानंतर असे गळणे बहुतेकींना होते आणि काही महिन्यांत ते आपोआप थांबते. गाठ नसेल आणि आखूड, चिरफळलेला तुकडा हाती आला असेल, तर केस मधूनच तुटत आहे. गळती थांबेपर्यंत आपण दोन्ही उपचार लांबच ठेवा.

रंकाळाकाठ ताईंसाठी खरी अडचण काळ्या मेंदीची आहे. अशा काही पाकिटांत धातूंचे क्षार असतात आणि न्यूट्रलायझरमधल्या पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापतात, प्रसंगी जळतातही. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो, म्हणजे मेंदी आज थांबवली तरी दिवाळीपर्यंत जेमतेम काही सेंटीमीटर केस स्वच्छ निघेल आणि त्याखालच्या सगळ्या लांबीवर थरांवर थर तसेच राहतील. म्हणून विंचरताना निघालेले वीसेक केस पार्लरमध्ये नेऊन काचेच्या वाटीत तपासून घ्या. 30 मिलिलिटर 20 व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे 20 थेंब टाकून त्यात ते केस अर्धा तास बुडवून ठेवतात. वाटी गरम झाली, बुडबुडे उसळले किंवा केसांचा रंग झपाट्याने उतरला, तर त्या केसांवर स्मूदनिंगही नको आणि पर्मही नको. काहीच झाले नाही, तरी क्रीम आधी मानेमागच्या एकाच बटेवर लावायला सांगा. ती बट ओली असताना हलके ताणा. चांगला केस थोडा लांबून मागे येतो, बिघडलेला रबरासारखा ताणला जातो आणि तुटतो.

मंगळवारपेठकर: काळ्या मेंदीचे मला ठाऊक नव्हते, ते मान्य. पण इतक्या जणी वर्षानुवर्षे करून घेतात, त्यांचे केस तर शाबूत आहेत. आणि लांबट चेहऱ्याला सरळ केस शोभत नाहीत हेही मला पटत नाही. पुढचे केस भुवयांपर्यंत कापले की कपाळही झाकते आणि चेहराही आखूड दिसतो.

राजारामपुरी_पार्लर: पुढचे केस कापण्याचा उपाय खरोखर चांगला आहे, आणि त्याला रसायन लागत नाही. केस शाबूत राहतात ते दर वेळी फक्त नव्याने वाढलेल्या मुळांनाच क्रीम लावली तर. जुन्या सरळ केसांवर ती पुन्हा चढली की दोन्हींच्या सांध्यावरच केस तुटतो आणि भांगाजवळ आखूड केसांची झालर उभी राहते. आपली कारागीर हात राखून काम करते, हे आपले नशीब.

रंकाळाकाठ: आज वाटीत केस बुडवून पाहिले. दहा मिनिटांतच वाटी कोमट झाली आणि काळा रंग तपकिरी पडू लागला, तेव्हा दोन्ही बेत रद्द केले आहेत. लग्नात मोठ्या रोलरवर ब्लो-ड्राय करून नागमोडी केसच ठेवीन. पुढचे केस कापावेत की नाही, यावर मात्र घरात अजून एकमत नाही.