अंधाऱ्या फ्लॅटसाठी भेट म्हणून कोणतं झाड?

मीनल:
नमस्कार मंडळी. मैत्रिणीने नवा फ्लॅट घेतलाय, तिला झाड द्यायचं मनात आहे. खिडकी एकच, तिच्यासमोर दुसरी इमारत, ऊन घरात येतच नाही. तिने आजवर साधं रोपही सांभाळलेलं नाही. पंधरा दिवसांत मरणार नाही असं काहीतरी सुचवा.

अविनाश:
डोळे झाकून स्नेक प्लांट दे. अंधारात राहतं, हवा शुद्ध करतं, नासानेच सांगितलंय. दर रविवारी एक पेला पाणी घालायचं, विषय संपला.

सुधाताई:
अविनाश, झाडाचं नाव बरोबर, पण रविवारचा पेला काढून टाक. नासाचा तो 1989 चा अभ्यास बंद पेटीतला होता. राहत्या घरात दाराखिडक्यांतून इतकी हवा ये-जा करते की एका कुंडीने फरक पडत नाही.

मीनल, कमी उजेडात झाड तहानेने क्वचितच मरतं. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, म्हणून पाण्याची ओढही कमी. माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. त्यात पानं पिवळी पडली की नवखा माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी ओततो.

मी झेडझेड प्लांट देईन. मातीखाली त्याचे बटाट्यासारखे कंद असतात, पाणी त्यात साठतं. तुझी मैत्रीण महिनाभर विसरली तरी चालतं. पण वाढ फार हळू. अंधाऱ्या घरात वर्षाकाठी एखादाच नवा कोंब आला तर घाबरू नये, हे तिला आधीच सांग.

शैलेश:
आमच्या जास्वंदीला दोन वर्षं कळीच नाही. खत घालून पाहिलं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलीय. तिला काय द्यावं?

सुधाताई:
शैलेश, तिला खत नको, ऊन हवंय. हॉलमधून हलवा.

मीनल:
सुधाताई, मी एक सुंदर चिनीमातीची कुंडी पाहून ठेवलीय. झेडझेड तिच्यात लावून देऊ?

सुधाताई:
तिच्या बुडाला भोक आहे का ते आधी बघ. मी हीच चूक केली होती. भाच्याला बिनभोकाच्या कुंडीत झेडझेड लावून दिलं. बिचारा इमानदारीने दर रविवारी पाणी घालत होता. अडीच महिन्यांनी त्याने फोटो पाठवला: खालच्या फांद्या पिवळ्या, एक तर बुडापाशी मऊ होऊन आडवी पडलेली. कुंडीला वास येत होता. उपटलं तेव्हा पाचापैकी तीन कंद दाबले की लिबलिबीत लागले.

ते कापून टाकले. उरलेले दोन, टणक होते ते, दोन दिवस उघड्यावर सुकवले. मग निम्मी माती, निम्मं पर्लाइट अशा मिश्रणात, भोकाच्या छोट्या कुंडीत लावले. आठवडाभर पाणी अजिबात नाही. पहिला कोंब चार महिन्यांनी आला.

तेव्हा झाड साध्या भोकाच्या प्लास्टिक कुंडीतच राहू दे आणि ती कुंडी तुझ्या चिनीमातीच्या कुंडीत ठेव. पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढायची, निथळली की परत ठेवायची. आणि ‘झाडाला जागा मिळेल’ म्हणून मोठी कुंडी घेऊ नकोस. जास्त माती म्हणजे जास्त दिवस ओल.

पाणी कधी घालायचं यासाठी तिला कुंडी उचलायला शिकव. पाणी घालून निथळल्यावर वजनाचा अंदाज घ्यायचा. पुढे कुंडी स्पष्ट हलकी लागली आणि बोट खोल घातल्यावर माती कोरडी लागली, तरच पाणी.

रोहिणी:
मांजर आहे का तिच्याकडे? झेडझेड चावलं तर मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते. स्नेक प्लांट आणि मनीप्लांटही मांजराला बाधतात. आमच्याकडे दोन मांजरं आहेत म्हणून मी अॅस्पिडिस्ट्रा ठेवते. तेही कमी उजेडात तगतं, पण मिळायला जरा कठीण.

मीनल:
मांजर अजून नाही, पण आणायचं चाललंय तिचं! विचारून सांगते. खिडकीतला उजेड तरी पुरेल का?

सुधाताई:
दुपारी, दिवे बंद करून, ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेव आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धर. पुसट का होईना, सावली दिसली तर झेडझेड किंवा अॅस्पिडिस्ट्रा राहील. सावलीच पडत नसेल तर झाड नुसतं हळूहळू संपत जाईल. मग रोज बारा तास चालणारा एलईडी दिवा टायमरसकट दे, किंवा जागा खिडकीजवळ सरकव. खिडकीपासून दोन पावलं आत गेलं तरी उजेड बराच उतरतो.

अविनाश:
पण माझं स्नेक प्लांट बाथरूममध्ये तीन वर्षं आहे, दर रविवारी पाणी घालून!

सुधाताई:
बाथरूमला खिडकी केवढी आहे, ते सांगितलं नाहीस.