‘रद्द करा’ दाबलं तरी डबा आलाच

स्प्रिंट_कोथरूड: ॲपमधल्या मराठी स्ट्रिंगांवर दोन-दोन मीटिंगा कशाला? इंग्रजी आधी पक्कं करा, शीट भाषांतराला पाठवा, कॅन्सलला ‘रद्द करा’ आणि ओकेला ‘ठीक आहे’ लावा. बटणाला व्याकरण नसतं.

पेठेतली_शब्दकार: बटणाला व्याकरण नसेल, पण परिणाम असतो. डब्याच्या ॲपमधला हा पडदा बघा. वर प्रश्न, ‘उद्याचा डबा रद्द करायचा आहे का?’ खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. ज्याला डबा नको तो साहजिकच ‘रद्द करा’ दाबतो. चौकट बंद होते, त्याला वाटतं काम झालं. दुसऱ्या दिवशी डबा दारात आणि पैसे कापलेले.

यात भाषांतर करणाऱ्याची चूक नाही. त्याला शीटमध्ये `common.cancel` ही की, एवढीच ओळ मिळाली. फॉर्ममधून बाहेर पडायलाही तीच की, डबा रद्द करतानाही तीच. बटण कुठल्या पडद्यावर आहे आणि दाबल्यावर काय होतं, हे शीटच्या शेजारच्या रकान्यात लिहा. आणि प्रत्येक कृतीला वेगळी की द्या:

```
tiffin.cancel.confirm = डबा रद्द करा
tiffin.cancel.dismiss = राहू द्या
```

हडपसर_क्यूए: की वेगळी हवी, मान्य. पण ‘राहू द्या’ साफ चूक आहे. ‘आज डबा राहू द्या’ असं आपण म्हणतो तेव्हा डबा नकोच असतो. ‘नको’चं तेच, डबा नको की रद्द करणं नको? आणि हा घोळ इंग्रजीतही आहे, तिथेही प्रश्न कॅन्सलचा आणि बटणही कॅन्सलचं. उगाच मराठीवर खापर फोडू नका.

पेठेतली_शब्दकार: ‘राहू द्या’ मागे घेते. ‘डबा येऊ द्या’ करा. प्रश्न न वाचता नुसती बटणं वाचली तरी अर्थ लागला पाहिजे.

स्प्रिंट_कोथरूड: एवढी लांब बटणं ३६० रुंदीच्या पडद्यावर शेजारी-शेजारी बसवून दाखवा.

हडपसर_क्यूए: शेजारी कशाला? एकाखाली एक ठेवा. उंची मात्र ठरावीक बांधू नका, किमान उंची द्या. इंग्रजीच्या मापाने बांधलेल्या बटणात ‘येऊ’ची मात्रा वरून आणि ‘रद्द’मधलं जोडाक्षर खालून कापलं जातं.

मायबोली_रक्षक: मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. ‘ओटीपी’, ‘पासवर्ड’, ‘लॉगिन’! देवनागरीत लिहिलं की मराठी झालं? ‘संकेतशब्द’ काय वाईट आहे?

पेठेतली_शब्दकार: वाईट काहीच नाही. पण बँकेच्या एसएमएसमध्ये ओटीपीच लिहिलेलं असतं. माणूस एसएमएसमधला शब्द पडद्यावर शोधतो. दोन्हीकडे वेगळा शब्द दिसला की तो थांबतो.

मायबोली_रक्षक: म्हणजे बँक चुकली म्हणून आपणही चुकायचं? असल्या सोयीच्या पळवाटांनीच भाषा मरते.

हडपसर_क्यूए: पळवाट नाही ही. पैसे अडकलेल्या माणसाला पडद्यावर नवा शब्द शिकवणं हा अन्याय आहे.

बचतगट_वारजे: आमच्या गटाच्या ॲपमध्ये एसएमएसमधला ओटीपी बरोबर टाकला तरी ‘अवैध ओटीपी’ येतं. बायका तीन-तीनदा टाकतात. शब्द बदलून हे थांबेल का?

हडपसर_क्यूए: कीबोर्ड मराठी आहे का? आकडे १२३ असे उमटतात का?

बचतगट_वारजे: हो, बऱ्याच जणींच्या फोनवर.

हडपसर_क्यूए: मग बहुतेक तेच कारण. जावास्क्रिप्टमध्ये `\d` फक्त 0 ते 9 ओळखतो, ‘४’ त्याच्या लेखी आकडाच नाही. तपासण्याआधी आकडे बदलून घ्यायला सांगा:

```
s.replace(/[०-९]/g, d => d.charCodeAt(0) - 0x966)
```

पेठेतली_शब्दकार: आणि ‘अवैध’ काढाच. त्या एका शब्दामागे तीन कारणं लपतात. आकडा चुकला तर, ‘ओटीपी जुळला नाही. एसएमएस बघून सगळे आकडे पुन्हा टाका.’ वेळ संपली तर, ‘या ओटीपीची वेळ संपली’ आणि खाली बटण ‘नवा ओटीपी मागवा’. नेटच नसेल तर, ‘इंटरनेट बंद आहे. ओटीपी अजून तपासला नाही.’ तिसरं सांगितलं नाही, तर बाई बरोबर ओटीपी खोडत बसते.

मायबोली_रक्षक: ‘अवैध’ काढायला माझी हरकत नाही, तो शब्द कोर्टातला आहे. ‘संकेतशब्दा’चा आग्रह मात्र सोडणार नाही.

स्प्रिंट_कोथरूड: ठीक. डब्याच्या पडद्याची की वेगळी करतो, शेजारचा रकानाही देतो. पण प्रत्येक फॉर्मच्या कॅन्सलला वेगळी की देणार नाही. तिथे काही रद्द होत नाही.

पेठेतली_शब्दकार: काही रद्द होत नाही, मग तिथे ‘रद्द करा’ का? ‘मागे जा’ लिहा. आणि अर्धवट भरलेला फॉर्म पुसला जाणार असेल, तर तेही त्या बटणावरच सांगा.

स्प्रिंट_कोथरूड: पुसला जातो का, ते आधी कोड उघडून बघावं लागेल.