मदत हवी आहे: स्वाइप फाइलमधलं वेळेवर सापडावं म्हणून टॅग कसे लावता?

राम राम मंडळी, रावेरकडच्या एका कृषी केंद्राचं पेज आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅनल मी सांभाळतो. आयडिया बँक गुगल शीटमध्ये आहे आणि ती बरी चालते, कारण काउंटरवर शेतकरी जे विचारतात ते त्यांच्याच शब्दात लिहून घेतो, शेजारी पीक, महिना आणि वापरलं की नाही. उदा. "केळीच्या पानावर पिवळ्या रेघा कशाच्या?" ही ओळ पावसाळ्यात आली, म्हणजे करप्याची सुरुवात, त्यातून तीन पोस्टी निघाल्या: रेघ ते तपकिरी ठिपका असा फोटोक्रम, रोगट पानाचा भाग कापून बागेबाहेर नेतानाचा व्हिडिओ, आणि सल्ल्याची छोटी पोस्ट. महिना लिहिल्याने मृग बाग, कांदे बाग अशा केळीच्या दोन वेगवेगळ्या लागवडींचे प्रश्नही वेगळे पडतात.

अडचण स्वाइप फाइलची आहे. दुसऱ्यांच्या आवडलेल्या पोस्टींचे स्क्रीनशॉट ड्राइव्हवर विषयाप्रमाणे ठेवलेत, पण करप्याची पोस्ट लिहायला बसलो की केळीच्या फोल्डरमधलं काही कामाचं नसतं, आणि सुरुवात कशी करायची हे दाखवणारा उत्तम नमुना ट्रॅक्टरच्या जाहिरातीत दडलेला असतो. म्हणून आता विषय सोडून "प्रश्नाने सुरुवात", "आधी-नंतर फोटो", "गैरसमज खोडणं" असे टॅग आणि नेमकं काय आवडलं याची एक ओळ लिहायचा विचार आहे.

असं कोणी करतंय का? टॅग किती ठेवता, आणि स्क्रीनशॉटची लिंक आयडियाच्या ओळीतच टाकता की वेगळी शीट? जुनं कधी काढून टाकता तेही सांगा.