मदत हवी आहे: बीटा 0.96 येतोय, पुस्तकात 1.2 आहे

भाट्येकरीण
एम.कॉम.चा अभ्यास रत्नागिरीत घरूनच करते आहे, त्यामुळे विचारायला जवळ कोणी नाही. गणितात पाच वर्षांचे परतावे दिलेत, टक्क्यांत. बाजार: 8, 14, -4, 20, 12. शेअर: 11, 17, -4, 25, 16. शीटमध्ये बाजार A2:A6 आणि शेअर B2:B6 असा भरून हे सूत्र टाकलं:

```
=COVAR(B2:B6,A2:A6)/VAR(A2:A6)
```

उत्तर 0.96 आलं. पुढे जोखीममुक्त दर 7, बाजाराचा अपेक्षित परतावा 12, म्हणून अपेक्षणीय परतावा 7 + 0.96 × 5 = 11.8. विश्लेषकाच्या अंदाजाने शेअर 12.4 देणार, म्हणजे तो स्वस्त आहे असं मी लिहिलं. पुस्तक म्हणतं महाग. आकडे दोनदा तपासले, भरण्यात चूक नाही.

कणकवली_कॉमर्स
COVAR जुनं झालं. COVARIANCE.S वापरा. नमुन्याला n-1 नेच भागायचं असतं, n ने भागलं की बीटा चुकतो.

जुना_खातेवहीवाला
कणकवली, रोग बरोबर ओळखलात, पण कारण तसं नाही. n ने भागूनही बीटा बरोबरच येतो, फक्त वर आणि खाली भाजक एकच हवा.

ताई, एकदा हाताने करून बघा. बाजाराची सरासरी 10, शेअरची 13. बाजाराची विचलनं -2, 4, -14, 10, 2; शेअरची -2, 4, -17, 12, 3. जोडीजोडीने गुणून बेरीज 384 येते. त्यातले 238 एकट्या तिसऱ्या वर्षाचे आहेत, म्हणजे हा बीटा बराचसा त्या एका पडझडीच्या वर्षावर उभा आहे. बाजाराच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज 320. बीटा 384 भागिले 320, म्हणजे 1.2. वर्षांची संख्या यात लागतच नाही, ती वरखाली कटून जाते.

तुमच्या शीटमध्ये मात्र ती कटली नाही. COVAR पाचने भागतं, म्हणून 76.8. VAR चारने भागतं, म्हणून 80. नावं शेजारी शेजारी ठेवलेली असली तरी ही दोन सूत्रं एका घरची नाहीत. COVARIANCE.P बरोबर VAR.P घ्या किंवा COVARIANCE.S बरोबर VAR.S. त्याहून सोपं म्हणजे `=SLOPE(B2:B6,A2:A6)`, पण त्यात शेअर आधी आणि बाजार नंतर. उलटं टाकलंत तर 0.83 येईल आणि शीट काही तक्रार करणार नाही.

ओळखायची खूण: तुमचा बीटा खऱ्याच्या बरोबर चार पंचमांश आहे. साठ महिन्यांचे आकडे असते तर फरक 59/60 एवढाच पडला असता आणि कुणाच्या लक्षातही आला नसता. इथे मात्र निर्णयच फिरला. 7 + 1.2 × 5 = 13, आणि शेअर 12.4 च देणार. म्हणजे बीटावरून अपेक्षणीय परतावा सांगणाऱ्या रेषेच्या तो खाली आहे, आजच्या भावाला महाग.

भाट्येकरीण
SLOPE ने 1.2 आलं! अजून एक. तक्त्यातल्या बाजाराची सरासरी 10 आहे, मग रेषेत 12 का धरायचे?

कणकवली_कॉमर्स
10 च धरायला हवेत असं मला वाटतं. 7 + 1.2 × 3 = 10.6.

जुना_खातेवहीवाला
नाही. तक्ता मागचा आहे, त्यातून फक्त बीटा काढायचा. रेषा पुढच्या काळाची, तिथे गणितात दिलेले अपेक्षित 12 च. मागचा बीटा पुढे टिकेल हेही आपण गृहीतच धरतोय म्हणा. आणि तुमच्या 10.6 ने शेअर परत स्वस्त ठरतो, बघा.

देवगडचो_बागायतदार
माका एक सांगा, माझ्या कलमांचो बीटा किती धरूचो? अवकाळी पावसान मोहोर गळलो की वर्ष गेला. जोखीम तर शेअरपेक्षा जास्तच. मगे बीटा दोनच्या वर ना?

जुना_खातेवहीवाला
दादा, उलट कमीच निघेल. पाऊस निफ्टी बघून पडत नाही. तुमच्या उत्पन्नाचा चढउतार मोठा आहे, पण बाजाराबरोबरचं सहविचलन लहान, आणि रेषा मोबदला देते तो फक्त त्याच भागाचा. शिवाय बागेचा रोजचा भाव कुठे लागत नाही, त्यामुळे हे मोजायला आकडेच नाहीत. हा अंदाज समजा.

देवगडचो_बागायतदार
म्हणजे मोहोर गेलो त्याचो मोबदला शून्य?

भाट्येकरीण
पण हे मॉडेल धरतं की माणसाने पैसा पुष्कळ ठिकाणी वाटलाय. दादांचं सगळं एकाच बागेत असेल तर?

जुना_खातेवहीवाला
तिथे हे मॉडेल तोकडं पडतं. अशा मालकाने रेषेवरच्या आकड्यापेक्षा जास्तच मागायला हवं, पण किती जास्त, ते बीटावरून निघणार नाही. कोणी बागेचं मूल्यांकन प्रत्यक्ष केलं असेल तर लिहा, मलाही वाचायचं आहे.